प्रश्नातला हरवलेला ‘डू’

‘व्हेन यू टेक द टॅब्लेट?’ मराठी माध्यमातून शिकून नर्सिंगला आलेल्या मुलीने इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटला असं विचारलं, तर पेशंटला प्रश्न कळतो आणि तो ‘ॲट एट’ असं उत्तरही देतो. वरवर पाहता काम भागलं. पण त्या उत्तरावरून सिस्टरला नेमकं काय समजलं? पेशंट रोज आठ वाजता गोळी घेतो, की आज आठ वाजता त्याने गोळी घेतली? रक्तदाबाची गोळी असेल तर पहिल्या अर्थाने आजची गोळी अजून द्यायची राहिलेली असू शकते, आणि दुसऱ्या अर्थाने ती पोटात गेलेली आहे. मराठीत ही मुलगी असा घोळ कधीच करणार नाही. ‘गोळी कधी घेता?’ आणि ‘गोळी कधी घेतली?’ हे तिला झोपेतून उठवून विचारायला लावलं तरी वेगवेगळं विचारता येईल. इंग्रजीत मात्र ‘व्हेन डू यू टेक’ आणि ‘व्हेन डिड यू टेक’ यांतला सगळा फरक एका छोट्या शब्दात आहे, आणि नेमका तोच गळून पडला.

‘डू’ विसरणं ही किरकोळ चूक आहे, समोरच्याला अर्थ कळतोच, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. प्रश्नात आणि नकारात वाक्याचा काळ ‘डू’च्याच अंगावर असतो. ‘डू’ गेला की काळ गेला.

इंग्रजीची ही रचना मुळात कशी आहे ते पाहू. ‘शी टेक्स द टॅब्लेट’ या विधानात ‘टेक्स’ हे एकच रूप दोन कामं करतं. क्रिया कोणती ते सांगतं आणि काळही सांगतं. ‘शी टुक’मध्येही तसंच. प्रश्न करायचा झाला की इंग्रजीला कर्त्याच्या आधी काळ सांगणारा शब्द लागतो, पण मुख्य क्रियापदाला ती कर्त्यापुढे जाऊ देत नाही. ‘टेक्स शी?’ असं आज कोणी म्हणत नाही. मग काळ मुख्य क्रियापदातून सुटा केला जातो. ‘टेक्स’चे ‘डझ’ आणि ‘टेक’ असे दोन तुकडे होतात, ‘टुक’चे ‘डिड’ आणि ‘टेक’ होतात. त्यातला पहिला तुकडा पुढे जातो: ‘डझ शी टेक?’, ‘डिड शी टेक?’ नकारातही हेच घडतं, कारण ‘नॉट’ला चिकटायला काळ सांगणारा शब्द हवा असतो: ‘शी डझन्ट टेक’, ‘शी डिडन्ट टेक’. वाक्यात ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’, ‘विल’ असा शब्द आधीच असेल तर तोच हे काम करतो आणि ‘डू’ची गरज पडत नाही.

ही रचना इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती. शेक्सपिअरच्या काळात ‘नो यू?’ आणि ‘डू यू नो?’ ही दोन्ही रूपं चालत होती, आणि 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये ‘आय नो नॉट’ अशा घडणीचे नकार जागोजाग आहेत. आल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने 1953 साली जुने ग्रंथ तपासून हा बदल कसा पसरत गेला ते मांडलं. प्रश्नांमध्ये ‘डू’ आधी रुळला, साध्या नकारात मागाहून, आणि ‘नो’सारखी काही क्रियापदं जुन्या वळणाला सर्वांत जास्त काळ चिकटून राहिली. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांना हे वळण लागायला दोन-तीन शतकं गेली आहेत. जर्मन ही इंग्रजीची सख्खी नातलग, पण तिच्यात प्रश्नासाठी असा ‘डू’ लागत नाही. तेव्हा आपल्या मुलांना ‘डू’ आपसूक सुचत नाही यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नाही.

आता मराठीकडे येऊ. मराठीत विधानाचा प्रश्न करायला शब्दांची जागा हलवावी लागत नाही. ‘तुम्ही चहा घेता’ या वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. तोही नको असेल तर नुसता आवाज चढवून ‘तुम्ही चहा घेता?’ म्हटलं तरी पुरतं. ‘कुठे’, ‘कधी’, ‘का’, ‘काय’ हे शब्द असले तर तेच प्रश्न करायला पुरेसे असतात: ‘तुम्ही कुठे राहता?’ या वाक्यात ‘राहता’ला काहीही झालेलं नाही. म्हणून आपला मुलगा प्रश्नशब्द पुढे ठेवतो, बाकीचं वाक्य तसंच लावतो, आणि ‘व्हेअर यू लिव्ह?’ तयार होतं.

इथे आपल्या शिकवण्यातही एक गोम आहे. शाळेत आणि क्लासात फळ्यावर सर्रास लिहिलं जातं: ‘डू यू लाइक टी?’ म्हणजे ‘तुला चहा आवडतो का?’ मुलं त्यातून ‘डू’ म्हणजे ‘का’ असं समीकरण मनाशी बांधतात. हो किंवा नाही असं उत्तर येणाऱ्या प्रश्नात ते खपून जातं. पण ‘तुम्ही कुठे राहता?’ या मराठी वाक्यात शेवटचा ‘का’ नाहीच. मग त्या समीकरणानुसार ‘डू’ कशासाठी? म्हणूनच तोच विद्यार्थी ‘डू यू लिव्ह इन पुणे?’ बरोबर म्हणतो आणि पुढच्याच क्षणी ‘व्हेअर यू लिव्ह?’ विचारतो. तो विसरलेला नसतो. त्याला शिकवलेला नियम तो इमानाने पाळत असतो.

कानही मदत करत नाही. इंग्रजी बोलणारे ‘व्हेअर डू यू लिव्ह?’मधल्या ‘डू’वर अजिबात जोर देत नाहीत. तो ‘यू’ला चिकटून ‘ड्यू’, ‘ड्य’ असा पुसट होतो, आणि ज्या कानाला तो तिथे अपेक्षितच नाही त्याला ‘व्हेअर यू लिव्ह’ एवढंच ऐकू येतं. त्यात ‘यू लिव्ह हिअर?’ असा नुसत्या सुरातला प्रश्न इंग्रजीतही चालतो. फक्त तो खात्री करून घ्यायला किंवा आश्चर्य दाखवायला असतो, नवी माहिती विचारायला नाही. प्रश्नशब्द असलेल्या वाक्यात मात्र ही सवलत मिळत नाही.

‘व्हॉट डू यू डू?’ या प्रश्नाची तर फारच वाताहत होते. ‘तुम्ही काय करता?’ याचं इंग्रजी बहुतेक जण ‘व्हॉट यू डू?’ असं करतात, आणि चूक दाखवली की गोंधळतात, कारण वाक्यात ‘डू’ तर आहे! पण तो ‘डू’ म्हणजे ‘करणे’ हे मुख्य क्रियापद. काळ सांगणारा ‘डू’ त्याच्या आधी वेगळा लागतो. ‘व्हॉट डिड यू डू?’ हे वाक्य शेजारी ठेवलं की दोघे वेगळे दिसतात: पहिल्याने काळ घेतला, दुसरा होता तसा राहिला.

नकाराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इथे मराठी आपल्याला अडवतेही आणि वाटही दाखवते. ‘तू जातोस’ याचा नकार करून पाहा: ‘तू जात नाहीस’. ‘ते जातात’चा नकार ‘ते जात नाहीत’. ‘ती जाते’चा ‘ती जात नाही’. क्रियापदाचे ‘-तोस’, ‘-तात’, ‘-ते’ हे शेपूट गळालं, सगळीकडे ‘जात’ असं एकच रूप उरलं, आणि ‘तू’ की ‘ते’ हे सांगायचं काम ‘नाहीस’, ‘नाहीत’ यांनी घेतलं. ‘शी गोज’चं ‘शी डझन्ट गो’ होतं तेव्हा हेच तर घडतं! ‘गोज’मधला शेवट सुटला, ‘डझन्ट’वर गेला, आणि ‘गो’ मोकळा राहिला. ‘शी डझन्ट गोज’ म्हणणाऱ्या मुलीला एवढंच विचारावं की, ‘ती जाते नाही’ असं तू मराठीत म्हणशील का? ती हसते आणि स्वतःच दुरुस्त करते.

भूतकाळात मात्र मराठी वेगळी वागते. ‘ती गेली’चा नकार ‘ती गेली नाही’. ‘त्याने गोळी घेतली’चा ‘त्याने गोळी घेतली नाही’. इथे क्रियापदाचं भूतकाळी रूप जागचं हलत नाही, नुसता ‘नाही’ मागे लागतो. ‘शी डिडन्ट वेन्ट’, ‘आय डिडन्ट टुक’ ही चूक म्हणूनच इतकी चिवट आहे. मराठी मनाला ‘गेली’ शाबूत हवी असते. वर्तमानकाळात जी सवय कामी येते तीच भूतकाळात आपल्याला ताणून न्यावी लागते: काळ ‘डिड’ने एकदा सांगितला, आता क्रियापदाने तो पुन्हा सांगायचा नाही.

‘डोन्ट’चा एक वेगळा त्रास आहे. ‘डोन्ट टच’, ‘डोन्ट रन’ हे बालवाडीपासून ऐकलेलं असल्याने ‘डोन्ट’ म्हणजे ‘नको’ किंवा ‘नाही’ असा एकसंध शब्द डोक्यात बसतो. मग ‘शी डोन्ट नो’, ‘आय डोन्ट वेन्ट’ असं काहीही होतं. ‘डोन्ट’मध्ये वर्तमानकाळ आणि ‘नॉट’ असे दोन शब्द दडले आहेत हे एकदा फोडून दाखवावं लागतं.

आता सरावाकडे वळू. पहिला सराव मी ‘फोड’ या नावाने घेतो, आणि एवढा एकच पक्का झाला तरी बरंच काम होतं. कोणतंही इंग्रजी विधान घ्यायचं आणि ते पायरीपायरीने, मोठ्याने म्हणत बदलायचं.

शी लिव्ह्ज इन सांगली.
शी डझ लिव्ह इन सांगली.
डझ शी लिव्ह इन सांगली?
व्हेअर डझ शी लिव्ह?
शी डझन्ट लिव्ह इन सांगली.

दुसरी पायरी बहुतेक पुस्तकांत गाळलेली असते, आणि सगळी मेख तिथेच आहे. ‘शी डझ लिव्ह इन सांगली’ हे बरोबर इंग्रजी आहे. ठासून सांगताना, ‘राहते म्हणजे राहतेच’ अशा सुरात ते म्हटलं जातं. या पायरीवर ‘लिव्ह्ज’मधला ‘ज’ सुटून ‘डझ’मध्ये गेलेला डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या पायरीवर फक्त पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल करायची. भूतकाळाचंही असंच: ‘ही टुक द टॅब्लेट’, ‘ही डिड टेक द टॅब्लेट’, ‘डिड ही टेक द टॅब्लेट?’, ‘व्हेन डिड ही टेक द टॅब्लेट?’, ‘ही डिडन्ट टेक द टॅब्लेट’. ‘वेन्ट’, ‘एट’, ‘सॉ’, ‘गेव्ह’, ‘सेड’, ‘केम’, ‘स्लेप्ट’ ही रोजच्या वापरातली रूपं घेऊन अशी माळ रोज पाच-सात वाक्यांची म्हणायची. घाई नको. दुसरी पायरी गाळायची नाही.

दुसरा सराव तोंडाच्या सवयीचा. प्रश्नशब्द, ‘डू’ आणि कर्ता हे तिन्ही एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखे म्हणायचे: व्हेअरडूयू, व्हेनडिडयू, व्हायडझशी, व्हॉटडिडही, हाउडूदे. क्रियापद नंतर जोडायचं. यामुळे ‘व्हेअर’ म्हटल्यावर ‘यू’कडे धावणारी जीभ वाटेत थांबायला शिकते, आणि समोरच्याच्या बोलण्यातला पुसट ‘ड्यू’ही ऐकू यायला लागतो.

तिसऱ्या सरावात मराठी वाक्यांच्या जोड्या घ्यायच्या, फरक फक्त काळाचा असेल अशा. ‘सकाळी काय खाता?’ आणि ‘सकाळी काय खाल्लं?’: व्हॉट डू यू ईट, व्हॉट डिड यू ईट. ‘तिला रात्री झोप लागत नाही’ आणि ‘तिला काल रात्री झोप लागली नाही’: शी डझन्ट स्लीप ॲट नाइट, शी डिडन्ट स्लीप लास्ट नाइट. ‘मुलगा कुठे काम करतो?’ आणि ‘मुलगा कुठे काम करत होता?’ ही जोडी मुद्दाम द्यावी. पहिल्यात ‘व्हेअर डझ युअर सन वर्क?’ होतं, दुसऱ्यात ‘व्हेअर वॉज युअर सन वर्किंग?’, कारण तिथे ‘वॉज’ आधीच हजर आहे.

‘डू’ अंगवळणी पडायला लागला की तो जिथे नको तिथेही घुसतो. ‘डू यू कॅन वॉक?’, ‘डू यू आर टायर्ड?’ असे प्रश्न येऊ लागतात. याला घाबरू नये, पण इथे एक गोष्ट सांभाळावी. ‘डू’ लागतो की नाही हे मराठी वाक्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. ‘तुम्हाला चालता येतं का?’ आणि ‘तुम्हाला मराठी येतं का?’ या दोन्हींत ‘येतं का’ आहे. इंग्रजीत पहिल्याचं ‘कॅन यू वॉक?’ होतं आणि दुसऱ्याचं ‘डू यू नो मराठी?’. ‘तुम्हाला ताप आहे का?’ यातला ‘आहे’ बघून ‘आर यू फीव्हर?’ किंवा ‘आर यू हॅव फीव्हर?’ निघतं. शाळेत पहिले धडे ‘इज’ आणि ‘आर’चे असतात, त्यामुळे प्रश्न म्हटला की ‘आर यू’ ही सुरुवात जिभेवर तयारच असते. यावर उपाय एकच: प्रश्न विचारण्याआधी त्याचं इंग्रजी विधान मनात करायचं. ‘यू हॅव अ फीव्हर.’ यात ‘आर’ कुठेही नाही, म्हणून ‘डू यू हॅव अ फीव्हर?’. ‘यू आर टायर्ड.’ यात ‘आर’ आहे, म्हणून ‘आर यू टायर्ड?’.

दोन ठिकाणी ‘डू’ खरोखरच लागत नाही. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर विधानाचीच रचना राहते. इथे मात्र मराठी चांगली साथ देते. ‘गोळी तुम्हाला कोणी दिली?’ म्हणजे ‘हू गेव्ह यू द टॅब्लेट?’, पण ‘गोळी तुम्ही कोणाला दिली?’ म्हणजे ‘हू डिड यू गिव्ह द टॅब्लेट टू?’. मराठीत ‘कोण’ किंवा ‘कोणी’ आलं की ‘डू’ नाही, ‘कोणाला’ आलं की ‘डू’ हवा. ‘काय’बद्दल मात्र थांबून पाहावं: ‘काय झालं?’ यात ‘काय’शिवाय दुसरा कर्ता नाही, म्हणून ‘व्हॉट हॅपन्ड?’, ‘डॉक्टरांनी काय सांगितलं?’ यात डॉक्टर आहेत, म्हणून ‘व्हॉट डिड द डॉक्टर से?’.

दुसरं ठिकाण म्हणजे मोठ्या वाक्याच्या पोटातला प्रश्न. ‘ती कुठे राहते ते मला माहीत नाही’ याचं ‘आय डोन्ट नो व्हेअर शी लिव्ह्ज’ होतं. ‘व्हेअर डझ शी लिव्ह’ असा भाग इथे बसत नाही, कारण तो आता थेट प्रश्न राहिलेला नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगू नये. ‘फोड’ पक्की होण्याआधी सांगितला तर मुलं पुन्हा ‘व्हेअर शी लिव्ह्ज?’वर येतात.

सुधारणा झाली की नाही हे लेखी परीक्षेतून कळत नाही. पेपरात वेळ असतो, त्यामुळे तिथे ‘डू’ नीट पडतो. बोलण्यात तो पहिल्यांदा गळतो, तेही घाईत आणि प्रश्नशब्दांच्या वाक्यांत. म्हणून दोघांनी समोरासमोर बसून, एकाने पेशंट आणि दुसऱ्याने सिस्टर होऊन, पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारावेत आणि फोनवर ते रेकॉर्ड करावेत. मग ऐकताना फक्त प्रश्न आणि नकार कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकाच्या पुढे काळ सांगणारा शब्द शोधून त्याला गोल करावा. गोल करायला शब्द सापडला नाही, किंवा एकाच वाक्यात काळ दोनदा सापडला, तर ते वाक्य ‘फोडी’च्या सरावात परत घ्यावं. बोलता बोलता कोणी ‘व्हेन यू...’ म्हणून थांबला आणि ‘व्हेन डिड यू’ असं स्वतःच दुरुस्त करू लागला, तर त्या वेळी त्याला अजिबात टोकू नये. सवय बदलतेय याची ती सर्वांत स्पष्ट खूण असते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, म्हणजे ‘डू’ची ओळख आता अगदी लहान वयात होते. त्या वयात झालेलं समीकरण पुढे मोडायला फार कष्ट पडतात. म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. ‘डू म्हणजे का’ असं फळ्यावर लिहू नका. त्या जागी ‘जातोस’ आणि ‘जात नाहीस’ लिहा, ‘नाहीस’खाली रेघ मारा, आणि शेपूट कुठे गेलं ते मुलांनाच शोधू द्या.